"काळ ओळखा" परत परत चुकतंय? आधी काय तपासायचं आणि बाईंना कधी विचारायचं

माझ्याकडे शिकवणीला पाचवी ते आठवीची मुलं येतात, मराठी माध्यमाची पण आणि इंग्रजी माध्यमाची पण, आणि परीक्षा जवळ आली की मराठीच्या वर्कशीटवरचा एक प्रश्न हमखास लाल शाईत परत येतो, "खालील वाक्यांतील काळ व त्याचा प्रकार ओळखा". नियम मुलाला पाठ असतो, तक्ता घडाघडा म्हणून दाखवतो, तरी उत्तरं चुकतात. चूक बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागांवर असते म्हणून त्या जागा आणि तपासायचा क्रम इथे लिहून ठेवतेय, सोप्यापासून अवघडाकडे.

आधी लक्षणं बघा

मुलाचं जुनं वर्कशीट काढा आणि चुकलेली वाक्यं वाचा. नुसता मार्क बघू नका, त्याने काय लिहिलं ते बघा, कारण चुकीच्या उत्तरावरूनच बिघाड कुठे आहे ते कळतं.

- "आजोबा खुर्चीवर बसले आहेत" याला अपूर्ण वर्तमानकाळ लिहिलंय.
- "ताईने रांगोळी काढली आहे" याला साधा भूतकाळ लिहिलंय.
- "मी चहा पीत नाही" याला अपूर्ण वर्तमान लिहिलंय.
- "आम्ही उद्या गावाला जातो" याला साधा भविष्यकाळ लिहिलंय.
- "आई स्वयंपाकघरात आहे" इथे मूल अडकतं आणि काहीतरी अंदाजाने लिहितं.
- "गाडी कल्याणला पोहोचली असेल" याला भूतकाळ लिहिलंय.

यातली दोन-तीन जरी दिसली तरी मूळ कारण बहुतेक एकच आहे, मूल वाक्याचा अर्थ बघून काळ ठरवतंय आणि क्रियापदाचं रूप बघतच नाहीये. शाळेच्या वर्कशीटमध्ये काळ रूपावरून ओळखायचा असतो. खालच्या सगळ्या तपासण्या त्याच्यासाठीच आहेत.

पहिली तपासणी: अख्खं क्रियापद अधोरेखित होतंय का

याला फक्त पेन्सिल लागते. मुलाला सांगा, उत्तर लिहू नको, आधी प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित कर, आणि मग बघा रेघ किती लांब ओढतोय. बरीच मुलं "बसले आहेत" मधलं नुसतं "आहेत" अधोरेखित करतात किंवा नुसतं "बसले". "आहेत" एवढंच बघितलं तर साधा वर्तमान वाटतो, "बसले" एवढंच बघितलं तर साधा भूतकाळ वाटतो, आणि दोन्ही चूक. दोन शब्द मिळून एक क्रियापद आहे हे डोळ्याला दिसलं पाहिजे.

मराठीत क्रियापद साधारण वाक्याच्या शेवटी येतं त्यामुळे शेवटचे दोन शब्द बघायची सवय लावली की काम होतं. पण कवितेची ओळ दिली असेल तर क्रियापद मधे किंवा सुरुवातीला पण असू शकतं, आणि "नाही" शेवटी आला तर रेघ त्याच्याही खाली गेली पाहिजे.

दुसरी तपासणी: बोलीतलं रूप उलगडा

आपण घरात "गेलाय", "खाल्लंय", "करतोय", "येतेय" असं बोलतो. मुलाच्या कानाला "आहे" वेगळा ऐकूच येत नाही कारण तो शब्दात विरघळून गेलेला असतो. मग वर्कशीटवर "खाल्ले आहे" आलं की ते त्याला पुस्तकी वाटतं, आणि गोष्टीतल्या संवादातलं "तो गेलाय" आलं की त्यात "ला" दिसला म्हणून भूतकाळ लिहून मोकळा होतो.

मुलाला उलगडून म्हणायला लावा. गेलाय म्हणजे गेला आहे, खाल्लंय म्हणजे खाल्ले आहे, करतोय म्हणजे करतो आहे किंवा करत आहे. "करतो आहे" आणि "करत आहे" दोन्ही अपूर्ण वर्तमानच, त्यात घोळ घालायचा नाही. घरातलीच दहा-बारा वाक्यं घेऊन जेवताना तोंडी केलं तरी चालतं.

तिसरी तपासणी: काळ शेवटच्या शब्दाला विचारा, प्रकार त्याच्या आधीच्या शब्दाला

खरं काम इथे होतं म्हणून जरा वेळ द्या. मूल बारा खाण्यांचा तक्ता पाठ करतं, वर्तमान-भूत-भविष्य आडवे आणि प्रकार उभे, आणि पेपरात तो अख्खा तक्ता आठवायला जातं. त्याऐवजी एका वाक्याला दोन वेगळे प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, क्रियापदातला शेवटचा शब्द कोणता? आहे, आहेत, आहेस असेल तर वर्तमान. होता, होती, होते, होतास असेल तर भूत. असेन, असशील, असेल, असतील असेल तर भविष्य. काळ झाला, तो लिहून टाका, आणि तो आता बदलायचा नाही.

दुसरा प्रश्न, त्याच्या आधीचा शब्द कसा संपतो? "त" ने संपला (लिहीत, खेळत, जात) तर क्रिया चालू आहे, प्रकार अपूर्ण. ला, ली, ले, ल्या असा शेवट असला (लिहिले, खेळला, गेली) तर क्रिया पुरी झाली, प्रकार पूर्ण. आणि आधी क्रियापदाचा दुसरा शब्दच नसेल, म्हणजे क्रियापद एकाच शब्दाचं असेल, तर प्रकार साधा, मग काळ त्या एका शब्दावरून: लिहितो वर्तमान, लिहिले भूत, लिहील भविष्य.

"लिहिले आहे" मध्ये "ले" आहे म्हणून मूल भूतकाळ म्हणतं, पण "ले" ने फक्त प्रकार सांगितला, काळ "आहे" ने सांगितला. म्हणून पूर्ण वर्तमान. हे एकदा बसलं की "लिहिले होते" पूर्ण भूत आणि "लिहिले असेल" पूर्ण भविष्य आपोआप येतात, वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

"असेल" चा त्रास मात्र वेगळा आहे. "गाडी कल्याणला पोहोचली असेल" असं आपण आत्ता अंदाजाने म्हणतो, गाडी तर पोहोचून गेलेली असते, मग मुलाला भविष्य पटत नाही, आणि त्याचं म्हणणं अगदी चूक पण नाही, कारण या रूपाने आपण रोजच्या बोलण्यात अंदाजच सांगतो. त्याला तसं खरं सांगा, की अर्थ अंदाजाचा आहे पण शाळेच्या तक्त्यात या रूपाचं नाव पूर्ण भविष्यकाळ आहे. "उद्या यावेळी गाडी कल्याणला पोहोचली असेल" असं वाक्य दिलं की त्याला भविष्य दिसतं.

तुमच्या पुस्तकात चौथा प्रकार रीती असेल तर तोही इथेच तपासायचा. "तो रोज व्यायाम करत असतो" रीती वर्तमान, "करत असे" रीती भूत, "करत जाईल" रीती भविष्य. फरक अगदी बारीक आहे, करत आहे आणि करत असतो, किंवा करत असतात आणि करत असतील. शेवटचा शब्द अक्षर न अक्षर वाचायला लावा, कारण "असतात" आणि "असतील" मध्ये मुलं डोळ्यांनी घसरतात.

चौथी तपासणी: इंग्रजीत भाषांतर करतोय का

इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडे ही चूक जास्त येते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे आता ही वर्कशीट्स बऱ्याच घरांत पोहोचलीत जिथे मूल विचार इंग्रजीत करतं. "आजोबा खुर्चीवर बसले आहेत" वाचून मनात ग्रँडफादर इज सिटिंग असं होतं, सिटिंग म्हणजे चालू क्रिया, म्हणून अपूर्ण. "बाळ झोपले आहे", "दादाने टोपी घातली आहे", "आजी दारात उभी राहिली आहे", सगळीकडे तेच. इंग्रजीला तिथे चालू क्रिया दिसते, मराठी मात्र बसण्याची क्रिया पुरी झाली आणि माणूस आता त्या स्थितीत आहे असं सांगते. बसणे, झोपणे, उठणे, घालणे, नेसणे, थकणे, रुसणे या क्रियापदांवर चूक दिसली की मी लगेच विचारते, मनात इंग्रजी वाक्य केलंस का? बहुतेक वेळा हो म्हणतात.

उपाय असा की दोन वाक्यं शेजारी लिहायची. "आजोबा बसत आहेत" आणि "आजोबा बसले आहेत". पहिल्यात आजोबा खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली होतायत, दुसऱ्यात टेकलेत. मुलाला करून दाखवायला सांगा, मग "त" आणि "ले" चा फरक अंगात उतरतो.

पाचवी तपासणी: नाही आणि काल-उद्या

"मी चहा पीत नाही" मध्ये "पीत" दिसतं, "त" दिसतो, नियम लावला की अपूर्ण येतं, आणि उत्तर चुकतं. नियम चुकला नाहीये, वाक्य नकारार्थी आहे. साध्या वर्तमानकाळाचा नकार करताना मराठी "पितो" चं "पीत नाही" करते. म्हणून नकारार्थी वाक्य आधी होकारार्थी करायचं आणि मग तपासायचं. मी चहा पितो, एकच शब्द, साधा वर्तमान. चालू क्रियेचा नकार बोलताना आपण "मी आत्ता चहा पीत नाहीये" असा करतो, तो "पीत आहे" चा नकार. "तो आला नाही" होकारार्थी केलं की "तो आला", साधा भूतकाळ, आणि "तो आला नव्हता" केलं की "तो आला होता", पूर्ण भूत.

काल, उद्या, आत्ता, रोज हे शब्द मुलाला मदत करतात असं वाटतं, पण खालच्या वर्गात ते जितके उपयोगाचे तितकेच वरच्या वर्गात घातक. "आम्ही उद्या गावाला जातो" मध्ये उद्या बघून भविष्य लिहिलं जातं. पण रूप "जातो" आहे, साधा वर्तमान, फक्त जवळच्या भविष्यासाठी वापरलाय. तसंच "थांब, मी आलोच", रूप भूतकाळाचं आणि माणूस अजून यायचाय. आणि इतिहासाच्या धड्यात "महाराज गडावरून निसटतात" असं येतं, घटना साडेतीनशे वर्षांपूर्वीची आणि रूप वर्तमानाचं. यावर साधा उपाय, असे शब्द अंगठ्याने झाकायचे आणि क्रियापद एकटं वाचायचं.

सहावी तपासणी: आहे आणि होते एकटे आलेत का

ही जरा अवघड आहे आणि वरच्या पाच केल्याशिवाय इकडे येऊ नका. "आई स्वयंपाकघरात आहे", इथे "आहे" च्या आधी दुसरं क्रियापद नाहीच, "स्वयंपाकघरात" हे स्थळ आहे. त्याचा शेवटचा "त" बघून मूल अपूर्ण लिहितं! म्हणून "त" चा नियम लावण्याआधी विचारायचं, हा शब्द क्रिया सांगतो का? नाही, मग "आहे" हेच मुख्य क्रियापद आणि साधा वर्तमान. "आंबा पिकला आहे" पूर्ण वर्तमान, पण "आंबा पिकलेला आहे" मध्ये "पिकलेला" हे आंब्याचं विशेषण, तिथे "आहे" एकटं, म्हणून साधा वर्तमान. "लेला" दिसलं की थांबून बघा.

सगळ्यात फसवं रूप "होतो" आणि "होते". ही रूपं दोन वेगळ्या धातूंची आहेत, असणे याचा भूतकाळ आणि होणे याचा वर्तमानकाळ. "मी काल घरी होतो" इथे असणे, भूतकाळ. "मी रोज घामाघूम होतो" इथे होणे, वर्तमान. ओळखायची युक्ती अशी की शब्दाच्या जागी "आहे" आणि "झालो" दोन्ही घालून बघायचे. "मी घरी आहे" चालतं आणि "मी घरी झालो" चालत नाही, म्हणजे असणे. "मी घामाघूम झालो" बसतं आणि वाक्यात "रोज" आहे, म्हणजे होणे.

आणि "पाणी गरम होते" हे वाक्य तर दोन्ही अर्थांनी बरोबर आहे, पाणी तापत जातं असंही आणि पाणी आधीच गरम होतं असंही. संदर्भ नसेल तर कुणालाच एक उत्तर देता येणार नाही, त्यामुळे मुलाला चूक ठरवू नका.

एक वर्कशीट सोडवून बघू

सहावीतल्या एका मुलीचं वर्कशीट मी असंच बघितलं. पाच वाक्यं, एक बरोबर. "मुले मैदानावर खेळत असतील" तिने बरोबर लिहिलं होतं, अपूर्ण भविष्य, म्हणजे तक्ता तिला येत होता. बाकीची अशी.

"ताईने रांगोळी काढली होती", तिचं उत्तर साधा भूतकाळ. रेघ बघितली तर "काढली" खालीच होती, "होती" सुटलेलं. पहिल्या तपासणीचा बिघाड. रेघ लांब केल्यावर तिने स्वतःच पूर्ण भूत लिहिलं.

"बाळ पाळण्यात झोपले आहे", उत्तर अपूर्ण वर्तमान. रेघ बरोबर होती, म्हणजे चौथी. विचारल्यावर म्हणाली, "बेबी इज स्लीपिंग ना ताई?" मग "झोपत आहे" आणि "झोपले आहे" शेजारी लिहिलं.

"राजू भाजी खात नाही", उत्तर अपूर्ण वर्तमान. नकार काढल्यावर "राजू भाजी खातो", साधा वर्तमान.

"बाबा ऑफिसात आहेत", उत्तर अपूर्ण वर्तमान. "ऑफिसात" चा "त" तिने क्रियापदाचा धरला होता.

चार चुका, चार वेगळ्या जागा, आणि तक्ता परत पाठ करून यातली एकही सुटली नसती. घरी नेमकं तेच केलं जातं, चुकलं की "जा, तक्ता दहा वेळा लिही". माझी कळकळीची विनंती आहे की ते करू नका, कुठल्या तपासणीत अडतंय ते शोधा आणि त्या एका प्रकारची आठ-दहा वाक्यं द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रकारांची मिसळून द्या, नाहीतर मूल प्रकार न बघताच सगळ्यांना तेच उत्तर लिहितं.

काळ बदला हा प्रश्न असेल तर

ओळखण्याच्या खाली बऱ्याचदा "कंसातील सूचनेप्रमाणे काळ बदला" असतं. तिथे "राजू पोळी खातो" चं "राजू पोळी खाल्ला" असं उत्तर येतं. सकर्मक क्रियापद साध्या भूतकाळात किंवा कुठल्याही पूर्ण काळात गेलं की साधारण कर्त्याला "ने" लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, "राजूने पोळी खाल्ली", "राजूने आंबा खाल्ला आहे". पण शिकणे, विसरणे, बोलणे, भेटणे यांना "ने" लागत नाही, "तो पोहायला शिकला", "ती छत्री विसरली". हे नियमापेक्षा कानाने लवकर येतं, मोठ्याने म्हणायला लावा.

इथे थांबा आणि बाईंना विचारा

काही ठिकाणी घरी डोकं फोडून उपयोग नाही.

"मी उद्या येणार आहे" यात शेवटी "आहे" आहे आणि अर्थ पुढचा. काही पुस्तकं हे भविष्यकाळात धरतात, काही वेगळं नाव देतात. तुमच्या बाई काय धरतात तेच वर्कशीटचं उत्तर, म्हणून वहीत विचारून लिहून घ्या आणि तिथेच थांबा.

"पाऊस पडला असता तर बरे झाले असते", "त्याने अभ्यास करावा", "तू बस" ही वाक्यं काळाच्या प्रश्नात आली असतील तर जपून. ही रूपं क्रियापदाच्या अर्थाच्या पाठातली आहेत, संकेतार्थ, विध्यर्थ, आज्ञार्थ. काळांच्या तक्त्यात ती बसवायला गेलात तर मूल आणखी गोंधळतं. असं वाक्य चुकून आलं असेल तर बाईंना चिठ्ठी लिहा.

छापील उत्तरसूची आणि मुलाचं उत्तर जुळत नसेल आणि वरच्या सहाही तपासण्या मुलाच्या बाजूने असतील, तरी वहीतलं उत्तर स्वतः खोडू नका, कारण उत्तरसूचीत पण चुका असतात, ते वाक्य बाईंना दाखवा.

आणि एक गोष्ट व्याकरणाची नाहीये. पहिल्याच तपासणीत, म्हणजे क्रियापद अधोरेखित करण्यातच, मूल आठवडेच्या आठवडे अडकत असेल, वाक्य वाचताना शब्द गाळत असेल किंवा "होती" चं "होता" वाचत असेल, आणि हेच इंग्रजी-हिंदी वाचताना पण होत असेल, तर वर्कशीट बाजूला ठेवा. आधी डोळे तपासून घ्या, मग वर्गशिक्षकांशी बोला आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्याकडून वाचनाची तपासणी करून घ्या. ते काम शिकवणीतलं नाही, त्यासाठी शिकलेली माणसं लागतात.